गुड मॉर्निंगवाले आबा आणि हसणारी पोरं

प्रश्न: माझे आई-वडील पारोळ्याला असतात, आम्ही पुण्यात. वडील 68 वर्षांचे. रोज पहाटे साडेपाचला घरच्या ग्रुपवर फूल, सूर्य, देव आणि सुविचार टाकतात. मधूनच 'अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल' असलंही काही येतं. परवा भाच्यानं त्यावर हसणारं स्टिकर टाकलं, सगळे हसले आणि वडील तेव्हापासून ग्रुपवर गप्प आहेत. काही लोकांना हे इतकं आवडतं आणि बाकीच्यांना त्याचं हसू येतं, हे कशामुळे? वडिलांना थांबवू, की बाकीच्यांना समजावू?

उत्तर:

मी अमळनेरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते आणि आठवड्यातून दोन दिवस ज्येष्ठ नागरिकांना फोन शिकवते. त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतं. सकाळी आबा 'मेमरी फुल दाखवतोय' म्हणून फोन घेऊन येतात आणि संध्याकाळी त्यांचाच मुलगा गाडी बाजूला लावून हळूच विचारतो, "ताई, यांचं फॉरवर्ड बंद पडेल असं काही सेटिंग आहे का?" तसं सेटिंग नाही. असतं तरी मी लावून दिलं नसतं.

पहिलं म्हणजे, सकाळचं फूल आणि अकरा जणांची साखळी या दोन गोष्टी तुम्ही एकाच पिशवीत घातल्या आहेत. हसणाऱ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पाठवणाऱ्याच्या मनात मात्र त्यांची कारणं निराळी असतात आणि त्यावरचा इलाजही निराळा आहे. म्हणून आधी फुलाचं बोलते, साखळीकडे नंतर येते.

माझ्या वर्गात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत. त्यांचा फोन वरचेवर भरायचा, म्हणून एकदा मी त्यांना म्हटलं, आबा, तुम्ही सकाळी नेमकं काय करता ते मला करून दाखवा. त्यांनी दाखवलं आणि मला त्यातलं निम्मं माहीतच नव्हतं. गॅलरीत त्यांनी वारांप्रमाणे फोटो लावून ठेवले होते. मंगळवारी मंगळदेव, कारण आमच्याकडे मंगळग्रहाचं मंदिर आहे आणि मंगळवारी तिथे बाहेरगावची गर्दी असते. गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, एकादशीला विठ्ठल. फोटोच्या कोपऱ्यात कुणा पुढाऱ्याचा हात जोडलेला चेहरा किंवा सराफाची जाहिरात असली, तर तेवढा भाग ते कापून टाकत. "माझा राम राम त्याच्या नावावर कशाला जाऊ द्यायचा?" असं त्यांचं म्हणणं.

मग पाठवण्याचं काम. व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवू देतं. आबांचे लोक साठच्या आसपास, म्हणजे बारा वेळा तेच करायचं. ते न कंटाळता करतात. त्यातही एक नियम आहे. ज्या घरात कुणी गेलं असेल तिथे तेराव्यापर्यंत फूल जात नाही, तिथे ते फोन करतात. शेवटी चहा पिता पिता टिका बघायच्या. एक टिक म्हणजे मेसेज त्या फोनवर पोचलेलाच नाही. दोन म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे बघितला. पाचोऱ्याच्या एका जुन्या सहकाऱ्याची दोन दिवस एकच टिक राहिली, तेव्हा आबांनी शेजारच्याला फोन लावला. काही झालं नव्हतं, रिचार्ज संपला होता. पण तो संपल्याचं त्याच्या मुलांआधी आबांना कळलं.

आता सांगा, यात फुलाचा फोटो कितीसा आहे? पारावरून जाताना 'राम राम, बरं शे ना?' म्हणतात, तसंच हे आहे. त्या प्रश्नाला कुणी तब्येतीचा अहवाल देत नाही. 'बरं शे' म्हणायचं आणि पुढे जायचं. ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 सालीच लिहून ठेवलंय की माणसं हवापाण्याच्या गप्पा मारतात त्या माहिती देण्यासाठी नव्हेत, तर आपल्यात दुवा राहावा म्हणून. त्यामुळे 'त्या मेसेजमध्ये नवीन काय असतं?' ही तक्रारच इथे गैरलागू आहे. नवीन काही नसणं हाच त्याचा गुण आहे.

फोटोच का, दोन शब्द का लिहीत नाहीत, याचं कारण अगदी साधं आहे आणि तेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यांना टाइप करता येत नाही. आमच्याकडच्या साठीपुढच्या बऱ्याच जणांच्या हातात इंटरनेट आलं ते सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर, डेटा आधी फुकट आणि मग स्वस्त झाला तेव्हा. त्याआधी ना कॉम्प्युटर, ना ईमेल. आयुष्यात पहिल्यांदा किबोर्ड समोर आला तो बोटापेक्षा लहान अक्षरांचा, त्यात मराठीची जोडाक्षरं. 'शुभेच्छा' शब्दातला 'च्छा' काढताना घाम फुटतो. एक चूक झाली की नातू हसतो. तयार फोटोवर मात्र अक्षर सुंदर, शुद्धलेखन बिनचूक आणि काम एका बोटाचं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वतीनं तो फोटो लिहितो.

हे मी अंदाजानं सांगत नाही. वर्गात मी बोलून टाइप करायला शिकवते, किबोर्डवरच्या माइकच्या चित्रावर बोट ठेवून. ज्यांना ते जमतं त्यांची फुलं आपोआप कमी होतात आणि 'उठला का', 'पाऊस आहे का तिकडे' असे मेसेज सुरू होतात. कुणी सांगावं लागत नाही. मर्यादा एवढीच की मराठीसाठी लावलेला माइक अहिराणी बोललं की भलतंच काही लिहितो. 'पानी पडनं का' म्हणावं आणि पडद्यावर काहीतरी तिसरंच उमटावं. अशांना मी आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवते. त्यात व्याकरण नाही की शुद्धलेखन नाही. तुमच्या वडिलांना यातलं काय जमेल हे त्यांच्या हातावर, डोळ्यांवर आणि भाषेवर अवलंबून आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर सध्या फोटोच बरा.

आता हसणाऱ्यांकडे वळू. त्यांनाही कारणं आहेत आणि ती सगळीच खोटी नाहीत.

सगळ्यात मोठं कारण पत्त्याचं. पारावरचा राम राम माझ्याकडे बघून केलेला असतो. कंडक्टर आबांच्या मनात साठ माणसं वेगवेगळी असतात, पण माझ्या फोनवर जे येतं त्यात माझं नाव कुठेच नसतं. उलट बऱ्याचदा वर Forwarded असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'हे दुसऱ्याचं आहे, तुझ्याकडे आलं म्हणून पुढे ढकललं' असा शिक्का. पाठवणाऱ्यानं वीस मिनिटं घालवली, हे घेणाऱ्याला दिसायला मार्ग नाही. त्याला दिसतं अर्ध्या सेकंदाचं बोट. ग्रुपवर टाकलं की पत्ता आणखी पुसला जातो. मग उत्तर द्यायचं कुणी? एकानं दिलं तर बाकीच्यांनी का नाही? बारा जणांनी हात जोडले की फोन बारा वेळा वाजतो आणि त्यात 'आजीला दवाखान्यात नेलंय' हा मेसेज वर कुठेतरी वाहून जातो.

दुसरं कारण सवयीचं. जी पिढी ऑफिसच्या ईमेलमधून इंटरनेटकडे आली, तिच्या डोक्यात मेसेज म्हणजे काम. वाचा, उत्तर द्या, संपवा. त्यांना बिनकामाचा मेसेज म्हणजे दारावरची उगाच वाजवलेली बेल वाटते. तुमचे वडील आणि तुम्ही एकच अ‍ॅप वापरता, पण ते त्याला ओटा समजतात आणि तुम्ही टपालपेटी.

तिसरं कारण जरा लागेल असं आहे. पुष्कळ हसू हे रुचीचं असतं. चमचमणारा गुलाब, दव पडलेलं कबूतर, चुकीच्या हिंदीतली शायरी, भलत्याच थोर माणसाच्या नावावर खपवलेला सुविचार, हे सगळं 'आपल्यातलं नाही' असं दाखवायचं असतं. गावाकडून शहरात गेलेल्या माणसाला ही घाई जास्त असते. तुमच्याबद्दल बोलत नाही, पण दुकानात मी हे बघते. पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा वडिलांनी पाठवलेला फोटो मित्रांना दाखवून हसतो आणि स्वतः मात्र त्याच मित्रांना दिवसभर रील ढकलत असतो.

तुमच्या भाच्याला एक विचारा. स्नॅपचॅटवर त्याच्या 'स्ट्रीक' किती आहेत? दोघांनी रोज एकमेकांना काहीतरी पाठवलं की तिथे आगीचं चिन्ह आणि दिवसांचा आकडा दिसतो. एक दिवस चुकला की तो मोडतो. तो मोडू नये म्हणून ही पोरं रोज छताचा, चादरीचा, अर्ध्या कपाळाचा फोटो पाठवतात. फोटोत काही नसतं. 'मी आहे, तू आहेस' एवढंच असतं. आबांच्या फुलात तेच आहे, वर देवही आहे. भाच्याला रागावण्यापेक्षा हे त्याच्या समोर ठेवा. माझ्या अनुभवात पोरं इथे आधी वाद घालतात आणि मग गप्प होतात.

पण फुलाची बाजू घेताना एक सांगितलंच पाहिजे. काही माणसांचं बोट खरंच न बघता चालतं. ते कसं ओळखायचं? रात्री ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी येते आणि पहाटे तिच्याच खाली हसरा सूर्य उगवतो. 'आजचा दिवस आनंदाचा जावो.' हे प्रत्येक ग्रुपमध्ये एकदा तरी झालेलं असतं. पाठवणारा निष्ठुर नसतो, त्यानं वरचं वाचलेलंच नसतं. कंडक्टर आबा आणि हा माणूस एकच फूल पाठवतात, पण आबा आधी बघतात कुणाकडे जातंय ते. वडिलांच्या बाबतीत तुम्ही हेच तपासा. वाचून टाकतात की वाचायच्या आधी टाकतात?

हे बोट महत्त्वाचं का, ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसं जमावानं ठेचून मारली. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागायला आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. त्याच वर्षी देशात इतर ठिकाणीही असेच बळी गेले. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपनं Forwarded हा शिक्का आणला आणि भारतात पुढे पाठवण्यावर पाच जणांची मर्यादा घातली. म्हणजे आबांना आज बारा फेऱ्या माराव्या लागतात त्याचं मूळ तिथे आहे. वर्गात मी हे सांगते तेव्हा 'एवढे कशाला नियम' ही कुरकुर थांबते. फूल पाठवणारे गुन्हेगार आहेत असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की फूल ढकलणारं आणि अफवा ढकलणारं बोट एकच असतं. न वाचता ढकलायची सवय फुलावर लागते आणि अफवेच्या दिवशी उपयोगात येते.

म्हणून मी सगळ्यांना बाणाची खूण शिकवते. मेसेजवर एक बाण म्हणजे कुठून तरी पुढे आलेला. दोन बाण आणि Forwarded many times म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरत आलेला. असा मेसेज एप्रिल 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाणांचं फूल असेल तर जाऊ द्या. दोन बाणांची बातमी, औषध किंवा इशारा असेल तर आधी घरातल्या एकाला विचारा, एवढाच नियम. आणि बाण नाही म्हणून ते खरं, असंही समजू नका. मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला किंवा फोटो गॅलरीतून पाठवला की बाण गळून पडतो.

आता साखळी. तुमच्या वडिलांच्या 'अकरा जणांना पाठवा'चं वय व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा फार मोठं आहे. माझ्या लहानपणी संतोषी मातेच्या नावानं पोस्टकार्डं यायची. पंधरा पैशांचं कार्ड, दोन्ही बाजूंना बारीक अक्षर. अमुक गावच्या शेतकऱ्यानं एकवीस पत्रं लिहिली, त्याला हंडा सापडला. तमक्यानं पत्र फाडलं, त्याचा बैल मेला. बाहेरदेशीही हे होतंच. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये 1935 साली एक डाइम, म्हणजे त्यांचं दहा सेंटचं नाणं, पाठवायला सांगणाऱ्या साखळीपत्रांनी टपाल खात्याला नको नको केलं होतं.

साखळीत नेहमी चार गोष्टी असतात: लाभ, धाक, आकडा आणि मुदत. चारही आजच्या मेसेजमध्ये जशाच्या तशा आहेत. बदललं ते खर्चाचं. एकवीस कार्डं म्हणजे तेव्हाचे तीन रुपये पंधरा पैसे आणि हात दुखेपर्यंत लिहिणं. त्यामुळे माणूस निदान विचार करायचा, आणि बरीच कार्डं चुलीत जायची. आज खर्च शून्य. म्हणून शिकलेली माणसंही पाठवतात. त्यांचा विश्वास असतो असं नाही. 'पाठवलं तर काय जातं? आणि न पाठवता काही झालं तर?' असा तो हिशेब असतो. मुलाची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, कापूस घरात आणि भाव पडलेला, अशा दिवसांत तो हिशेब लगेच जुळतो. तुमच्या वडिलांच्या साखळ्या कधी वाढतात ते बघा. बहुतेक वेळा घरात काहीतरी अडलेलं असतं.

फुलाचा आणि साखळीचा खरा फरक इथे आहे. फूल घेणाऱ्याकडून काही मागत नाही. साखळी मागते. ती न विचारता तुम्हाला देणेकरी करते, वर धाकही घालते, म्हणून तिचा राग येणं रास्त आहे. तरीही तिची थट्टा केली तर साखळी तुटत नाही. पाठवणारा फक्त तुम्हाला वगळून दुसऱ्या अकरा जणांना पाठवतो.

'ही अंधश्रद्धा आहे' असं म्हटलं की वर्गातल्या आज्या पदर सारख्या करतात आणि ऐकणं थांबवतात. देवाचा फोटो मोडायचा कसा, हा त्यांचा खरा पेच असतो. म्हणून मी सांगते, देव ठेवा, आकडा कापा. मजकूर असेल तर कॉपी करा, जिथे पाठवायचाय तिथे चिकटवा, शेवटची ओळ पुसा आणि मग पाठवा. फोटो असेल तर खालची पट्टी कापा. एकदा एका आजीनंच दुसरीला सुनावलं होतं, "देव काय आकडा मोजस का, माय?" त्यानंतर त्या वर्गात साखळीबद्दल मला फारसं बोलावं लागलं नाही. ज्यांना तरीही धाकधूक वाटते त्यांना म्हणते, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचाच नंबर काढून स्वतःला पाठवा. मेसेज पाठवलाही जातो आणि कुणाला त्रासही होत नाही.

एका साखळीला मात्र मी अजिबात सवलत देत नाही, ती म्हणजे ज्यात लिंक किंवा फाइल असते. 'दहा ग्रुपना पाठवा, तीन महिन्यांचा रिचार्ज फुकट.' 'निळ्या ओळीवर बोट ठेवा, तुमच्या नावाचं दिवाळीचं शुभेच्छापत्र तयार.' लग्नाची पत्रिका म्हणून आलेली फाइल, जिच्या नावाच्या शेवटी .apk असतं. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, .apk म्हणजे फोनमध्ये बसणारं अ‍ॅप. ते बसलं की तुमचे ओटीपीचे मेसेज दुसरीकडे वाचले जाऊ शकतात आणि बँकेतले पैसे जाऊ शकतात. तुमचा फोन वापरून तीच पत्रिका तुमच्या नातेवाइकांनाही जाऊ शकते. मग घरातलंच माणूस पाठवतंय म्हटल्यावर कोण शंका घेतो? वडिलांना एवढं एक अक्षरशः पाठ करून घ्या.

आता तुमच्या घराचं. 'वडिलांना थांबवू की बाकीच्यांना समजावू' या दोन्हींपैकी काहीच आधी करू नका. आधी त्यांना फोन करा. ग्रुपवर 'आबा, टाका हो परत' असं लिहू नका, ते चारचौघांत केलेलं सांत्वन होतं आणि आमच्याकडच्या माणसाला ते थट्टेपेक्षा जास्त लागतं. फोनवर स्टिकरचा विषय काढायचीही गरज नाही. 'दोन दिवस सकाळी तुमचं काही आलं नाही, मला चुकल्यासारखं झालं' एवढं म्हणा. खरं असेल तरच म्हणा, त्यांना कळतं.

मग ग्रुप दोन करा. एक निरोपाचा, ज्यात फक्त दवाखाना, प्रवास, पैसे, लग्नकार्य. दुसरा घरचा ओटा, ज्यात फूल, देव, नातवंडांचे फोटो, कानबाईच्या रोटांची तयारी, भरताची पार्टी, सगळं चालेल. दुसरा ज्याला नको त्यानं तो Mute करून Always निवडावं आणि Archive करावा. वडिलांना ते कळत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही. हे घरातल्या माणसांत चालतं. गट कामाचा असेल, म्हणजे शाळेचा, सोसायटीचा, कापसाच्या भावाचा, तिथे फूल नकोच. तिथे मी आबांनाही स्पष्ट नाही म्हणते.

स्टेटसवर टाकायला सांगा, असं बरेच जण सुचवतात. चोवीस तास राहतं, कुणी बघितलं त्यांची नावं दिसतात, कुणाचा फोन वाजत नाही. काहींना ते छान जमतं. कंडक्टर आबांनी मात्र मला विचारलं, "स्टेटसवर टाकलं म्हणजे कुणाला टाकलं?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण त्यांना बघणाऱ्यांची यादी नको होती, साठ माणसं हवी होती. तुमचे वडील कुठल्या प्रकारचे आहेत ते तुम्हालाच बघावं लागेल.

ग्रुपपेक्षा तुमच्या दोघांतला वेगळा धागा जास्त उपयोगाचा आहे. त्यांचं फूल आलं की त्यांच्या स्वतःच्या नंबरवर एका ओळीचं उत्तर द्या. हात जोडलेलं चिन्ह नको, ते पुन्हा फॉरवर्डसारखंच दिसतं. एखादा प्रश्न विचारा, शक्यतो अहिराणीत. 'चहा पिना का?' 'पानी पडनं का?' प्रश्न आला की फोटोनं उत्तर देता येत नाही, बोलावं लागतं किंवा लिहावं लागतं. रोज जमणार नाही, आठवड्यातून तीनदा केलं तरी बराच फरक पडतो.

राहिली मेमरी. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलनं बातमी दिली होती की भारतातले फोन गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरतायत. वेस्टर्न डिजिटल या मेमरी कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पाहणीत इथल्या दर तीन फोनवाल्यांपैकी एकाची जागा रोज संपत होती, अमेरिकेत दहांतल्या एकाची. त्यामुळे सगळा दोष फुलाला लागला. दुकानात मी बघते ते थोडं वेगळं आहे. फुलाचा फोटो साधारण दीडशे केबीचा धरा. रोज साठ आले तरी नऊ एमबी, वर्षाला सव्वातीन जीबीच्या आसपास. पण त्याच्यासोबत पाच एमबीचे पाच व्हिडिओ रोज आले तर दिवसाला पंचवीस एमबी, वर्षाला नऊ जीबी. 32 जीबीचा फोन भरतो तो आरतीच्या आणि विनोदाच्या व्हिडिओंनी. फुलं पुसत बसण्यात अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Storage and data, तिथे Manage storage उघडा. Larger than 5 MB आणि Forwarded many times असे दोन ढीग वेगळे लावलेले दिसतील, आधी तेच बघा. मग एक पान मागे, Storage and data मध्ये येऊन Media auto-download मध्ये व्हिडिओ बंद करा, फोटो चालू ठेवा.

हे सगळं पारोळ्याला जाल तेव्हा त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच बोटानं करवून घ्या. ते झोपलेले असताना फोन साफ करून ठेवू नका. वारांप्रमाणे लावलेले फोटो गायब दिसले, तर मुलानं मदत केली असं त्यांना वाटणार नाही. आणि मग ते फोन घेऊन माझ्यासारखीच्या दुकानात येतात आणि विचारतात, पुसलेले फोटो परत येतील का. कधी येतात, बऱ्याचदा येत नाहीत.